एका दिवसाचे पैसे एकदाच: महिन्याच्या मध्येच प्लॅन बदलल्यावर बिल कसे तयार होते

पाळोळ्याच्या किनाऱ्यावरील लाकडी झोपड्या दर हंगामात नव्याने उभ्या राहतात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवल्या जातात. त्या चालवणाऱ्याला हंगामाच्या सुरुवातीस चार खोल्यांची नोंदवही पुरते, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आठ खोल्यांची लागते आणि नाताळ जवळ आला की तीही अपुरी पडते. अशा व्यावसायिकांना आरक्षणाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर देणाऱ्या पर्वरीतील एका लहान कार्यालयात मी बिलांचे काम पाहतो. वर्षभर एकाच प्लॅनवर राहणारा ग्राहक आमच्याकडे विरळा आहे. त्यामुळे ठरलेल्या दिवशी ग्राहकाचा आजचा प्लॅन पाहायचा आणि त्याची किंमत बिलावर टाकायची, एवढ्यावर आमचे काम भागत नाही. महिन्याच्या मध्येच बदललेल्या प्लॅनचा हिशेब पुढच्या बिलात कसा येतो, तो कुठे चुकतो आणि चुकल्याचे कसे कळते, हे एका उदाहरणाच्या आधारे येथे मांडले आहे.

उदाहरणासाठी तीन प्लॅन धरू. लहान प्लॅन महिना १,२०० रुपयांचा आहे, मध्यम १,८०० रुपयांचा आणि मोठा २,४०० रुपयांचा. या रकमांमध्ये कर धरलेला नाही. काणकोणच्या एका ग्राहक ताईंचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होते आणि ते पुढच्या महिन्याचे आगाऊ असते. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांनी लहान प्लॅनचे १,२०० रुपये भरले. त्यांचे हे चक्र ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्री शून्य वाजता सुरू होते आणि ५ डिसेंबरच्या मध्यरात्री शून्य वाजता संपते. म्हणजे ५ डिसेंबर हा दिवस जुन्या चक्रात नाही, तो नव्या चक्राचा पहिला दिवस आहे. ही गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी लागते, कारण शेवटचा दिवस ‘धरून’ की ‘सोडून’ याबद्दल बिले काढणाऱ्या संगणक कार्यक्रमाच्या दोन भागांची समजूत वेगवेगळी असली, तर दर महिन्याला एक दिवस दोनदा मोजला जातो किंवा मोजलाच जात नाही. आपल्या चक्रात ५ नोव्हेंबरपासून ४ डिसेंबरपर्यंतचे दोन्हीकडचे दिवस धरून नेमके ३० दिवस आहेत.

आता २३ नोव्हेंबरच्या सकाळी ताई लहान प्लॅनवरून मध्यम प्लॅनवर येतात. लहान प्लॅनचे १८ दिवस वापरून झाले आहेत आणि २३ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असे १२ दिवस शिल्लक आहेत. या १२ दिवसांचे लहान प्लॅनचे पैसे आपण आधीच घेतलेले आहेत, ते परत जमा करायचे: १,२०० गुणिले १२ भागिले ३०, म्हणजे ४८० रुपये. त्याच १२ दिवसांचे मध्यम प्लॅनचे पैसे लावायचे: १,८०० गुणिले १२ भागिले ३०, म्हणजे ७२० रुपये. फरक २४० रुपयांचा. आमच्याकडे हा फरक लगेच वसूल होत नाही. तो प्रलंबित ओळ म्हणून ग्राहकाच्या खात्यावर नोंदला जातो आणि ५ डिसेंबरच्या बिलात येतो. काही कंपन्या तो त्याच क्षणी वेगळ्या बिलाने घेतात. मोठा फरक असेल तर तेच योग्य, पण दोन-अडीचशे रुपयांसाठी स्वतंत्र बिल काढून ग्राहकाला आणखी एक संदेश पाठवणे मला पटत नाही.

बदलाच्या दिवशी, म्हणजे २३ तारखेला, संपूर्ण दिवस नव्या प्लॅनचा धरायचा की तास-मिनिटांवर हिशेब करायचा, हा धोरणाचा प्रश्न आहे. सेकंदावर हिशेब केला की गणित अधिक अचूक होते, पण ‘११.५६२ दिवस’ असे बिलावर लिहिलेले कोणत्याही ग्राहकाला पडताळून पाहता येत नाही. दिवसावर हिशेब केला तर तो कॅलेंडर समोर ठेवून बोटांवर मोजता येतो. आम्ही दिवस निवडला आहे, आणि बदलाचा दिवस नव्या प्लॅनकडे जातो.

येथपर्यंत सगळे सोपे आहे आणि बहुतेक कार्यक्रमही येथपर्यंत बरोबर चालतात. चूक होते ती त्याच चक्रात दुसरा बदल आल्यावर. समजा, २९ नोव्हेंबरला आणखी खोल्या तयार झाल्या आणि ताई मध्यम प्लॅनवरून मोठ्या प्लॅनवर आल्या. आता २९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हे ६ दिवस शिल्लक आहेत. या ६ दिवसांचे कोणत्या प्लॅनचे पैसे ग्राहकाच्या नावावर लागलेले आहेत? मध्यम प्लॅनचे. ते प्रत्यक्ष वसूल झालेले नाहीत, पण प्रलंबित ओळीत लागलेले आहेत. म्हणून मध्यम प्लॅनचे ६ दिवसांचे ३६० रुपये जमा करायचे आणि मोठ्या प्लॅनचे ६ दिवसांचे ४८० रुपये लावायचे. फरक १२० रुपये. दोन्ही बदलांचे मिळून ३६० रुपये प्रलंबित राहतात.

घाईने लिहिलेला कार्यक्रम मात्र येथे वेगळेच करतो. जमा करण्याची रक्कम काढताना तो ‘या चक्राचे शेवटचे बिल’ शोधतो. ते बिल ५ नोव्हेंबरचे असते आणि त्यावर लहान प्लॅनचे १,२०० रुपये लिहिलेले असतात. मग तो लहान प्लॅनचे ६ दिवसांचे २४० रुपये जमा करतो आणि मोठ्या प्लॅनचे ४८० लावतो. त्याच्या मते फरक २४० रुपये, आणि दोन्ही बदलांचे मिळून ४८० रुपये. ग्राहकाला १२० रुपयांचा भुर्दंड पडतो, १८ टक्के वस्तू आणि सेवा कर धरून १४१ रुपये ६० पैशांचा. रक्कम इतकी लहान असते की ग्राहक भांडायला येत नाही, आणि त्यामुळेच ही चूक अनेक महिने जिवंत राहते.

ती पकडण्यासाठी आम्ही प्रत्येक ओळीवर चार गोष्टी लिहून ठेवतो: प्लॅन, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेच्या आधीपर्यंत आणि रक्कम. जमेच्या ओळीवर आणखी एक गोष्ट असते: ती कोणत्या मूळ ओळीतून वजा होते आहे. बरोबर हिशेबाचा पूर्ण खातेउतारा असा दिसतो.

| ओळ | प्लॅन | पासून | आधीपर्यंत | दिवस | रुपये |
|---|---|---|---|---|---|
| क | लहान | ५ नोव्हें. | ५ डिसें. | ३० | १,२०० |
| ख (क मधून) | लहान | २३ नोव्हें. | ५ डिसें. | −१२ | −४८० |
| ग | मध्यम | २३ नोव्हें. | ५ डिसें. | १२ | ७२० |
| घ (ग मधून) | मध्यम | २९ नोव्हें. | ५ डिसें. | −६ | −३६० |
| च | मोठा | २९ नोव्हें. | ५ डिसें. | ६ | ४८० |

दिवसांची बेरीज ३० आली की हिशेब जुळला, असे मी प्रथम समजत होतो आणि तशीच तपासणी लिहिली होती. ती तपासणी निरुपयोगी निघाली. चुकीच्या हिशेबात ‘घ’ ही ओळ मध्यमऐवजी लहान प्लॅनची असते, पण तिचेही दिवस उणे ६ च असतात, त्यामुळे बेरीज तेव्हाही ३० च येते. खरी तपासणी एकेका तारखेची आणि एकेका प्लॅनची करावी लागते. कोणतीही एक तारीख घ्या, समजा ३० नोव्हेंबर. बरोबर उताऱ्यात त्या दिवशी लहान प्लॅन एकदा लागला आणि एकदा वजा झाला, म्हणजे शून्य, मध्यमही शून्य, मोठा एक. चुकीच्या उताऱ्यात त्याच दिवशी लहान प्लॅन उणे एक येतो, मध्यम एक आणि मोठा एक. तिघांची बेरीज एकच येते, पण ग्राहक एकाच दिवशी दोन प्लॅनवर बसलेला दिसतो. म्हणून नियम असा ठरला, की प्रत्येक तारखेला नेमका एकच प्लॅन ‘एक’ असावा आणि बाकीचे सर्व शून्य असावेत. उणे एक किंवा दोन कुठेही दिसले की त्या ग्राहकाचे बिल थांबवून माणसाने पाहायचे.

जमेची ओळ मूळ ओळीशी बांधलेली असण्याचा दुसरा फायदा सवलतीच्या वेळी दिसतो. समजा, हंगामाच्या सुरुवातीला ताईंना पहिल्या महिन्यावर २५ टक्के सवलत दिली होती आणि त्यांनी १,२०० ऐवजी ९०० रुपयेच भरले होते. मग १२ दिवसांचे परत जमा होणारे पैसे ४८० नव्हेत, ९०० गुणिले १२ भागिले ३०, म्हणजे ३६० रुपये. दरपत्रकातून किंमत उचलणारा कार्यक्रम येथे कधीच न घेतलेले १२० रुपये परत करतो. दरपत्रकातील किंमत चक्राच्या मध्येच वाढवली असेल, तर तोच घोटाळा आणखी मोठ्या प्रमाणावर होतो. जमा करताना दरपत्रकाकडे पाहायचेच नाही. जी ओळ लावली होती तिच्या रकमेतूनच वजा करायचे.

प्लॅन खाली आणण्याची, म्हणजे मोठ्यावरून लहानावर येण्याची विनंती आली, तर आम्ही ती लगेच अमलात आणत नाही. चालू चक्र संपल्यावर आणतो. ग्राहकाने पैसे भरलेले आहेत, त्याला त्या खोल्या महिनाअखेरपर्यंत वापरू द्याव्यात. शिवाय लगेच खाली आणले तर फरक उणे येतो आणि प्रश्न कराचा होतो. कर भरलेल्या आधीच्या बिलाची रक्कम कमी करायची असेल, तर केंद्रीय वस्तू आणि सेवा कर अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये त्यासाठी क्रेडिट नोट सांगितलेली आहे. एकूण उणे रकमेचे बिल काढून ती गरज भागत नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही वेळा फरक अधिक होता, म्हणून तो पुढच्या बिलात फरकाची ओळ म्हणून सरळ जाऊ शकला.

आता बिलाच्या दिवसाकडे येऊ. रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी बिलांचे काम सुरू होते आणि ज्या वर्गण्यांचे चक्र संपले आहे त्या निवडल्या जातात. ही निवड ‘ज्यांचे बिल आज आहे’ अशी लिहिली, तर एक रात्र सर्व्हर बंद पडला की त्या दिवसाचे ग्राहक कायमचे सुटतात. ‘ज्यांचे चक्र आत्तापर्यंत संपलेले आहे’ अशी लिहिली, तर दुसऱ्या रात्री ते आपोआप पकडले जातात.

```sql
select id from subscriptions
where status = 'active'
  and current_period_end <= now()
order by id
limit 100
for update skip locked;
```

यातील `status = 'active'` ही अट दिसते तितकी निरुपद्रवी नाही. पावसाळ्यात झोपड्या उतरवल्या की अनेक ग्राहक वर्गणी थांबवून ठेवतात. त्यांची स्थिती ‘थांबवलेली’ असते आणि त्यांना बिल जात नाही, हे ठीकच आहे. पण मे महिन्यात प्लॅन वाढवून, चक्र संपण्याच्या आधी वर्गणी बंद केलेल्या ग्राहकाच्या खात्यावर फरकाची प्रलंबित ओळ तशीच पडून राहते. तो सक्रिय नाही म्हणून निवडला जात नाही आणि ती ओळ कोणत्याच बिलात येत नाही. म्हणून बंद होणाऱ्या वर्गणीचे चक्र संपताना तिचे अखेरचे बिल, फक्त प्रलंबित ओळींचे, वेगळे काढावे लागते.

निवडलेल्या प्रत्येक वर्गणीवर कामे ठराविक क्रमानेच व्हावी लागतात. आधी चक्राअखेरीस अमलात यायचे म्हणून राखून ठेवलेले बदल लागू करायचे. नाहीतर लहान प्लॅनवर येण्याची विनंती केलेल्या ग्राहकाला आणखी एक महिना मोठ्याचे बिल जाते. मग नव्या चक्राच्या तारखा ठरवायच्या, नव्या प्लॅनची पूर्ण महिन्याची ओळ लावायची, प्रलंबित ओळी त्याच बिलाला जोडायच्या, कर काढायचा आणि सर्वांत शेवटी बिल क्रमांक द्यायचा. आपल्या ताईंच्या ५ डिसेंबरच्या बिलात मोठ्या प्लॅनचे २,४०० रुपये आणि फरकाचे ३६० असे २,७६० रुपये येतात. ग्राहक गोव्यातील असल्याने त्यावर केंद्राचा ९ टक्के कर २४८ रुपये ४० पैसे आणि राज्याचा तितकाच, असे एकूण ३,२५६ रुपये ८० पैसे होतात. हाच ग्राहक पत्रादेवीच्या पलीकडे सावंतवाडीत असता, तर रक्कम तीच राहिली असती, पण दोन करांच्या जागी १८ टक्के एकात्मिक कराची एकच ओळ आली असती. केंद्राचा आणि राज्याचा कर स्वतंत्रपणे ९ टक्क्यांनी काढून पैशांपर्यंत गोळा करावा. १८ टक्के काढून त्याचे दोन भाग करू गेल्यास कधी अर्धा पैसा उरतो आणि दोन ओळी एकसारख्या राहत नाहीत.

नव्या चक्राची तारीख काढताना मूळ दिवस वेगळा साठवलेला असावा लागतो. ज्याचे बिल ३१ तारखेचे आहे त्याचे फेब्रुवारी २०२६ मधील बिल २८ तारखेला येईल, पण मार्चमध्ये ते पुन्हा ३१ ला गेले पाहिजे. मागच्या तारखेत एक महिना मिळवत गेल्यास ते २८ वरच अडकून पडते आणि ग्राहकाचे तीन दिवस गळतात.

एक बिल दोनदा निघू नये यासाठी आम्ही कार्यक्रमाच्या शहाणपणावर विसंबून राहत नाही. काम अर्ध्यावर तुटून पुन्हा सुरू झाले किंवा चुकून दोन ठिकाणी एकाच वेळी सुरू झाले, तरी एका वर्गणीच्या एका चक्राला नियमित बिल एकच असेल, हे डेटाबेसच पाहतो.

```sql
create unique index one_invoice_per_period
on invoices (subscription_id, period_start)
where kind = 'recurring';
```

बिल तयार होणे, प्रलंबित ओळी त्याला जोडल्या जाणे आणि वर्गणीच्या चक्राची तारीख पुढे सरकणे ही तिन्ही कामे डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हवीत, म्हणजे तिन्ही होतील किंवा एकही होणार नाही. बिल निघाले आणि तारीख सरकली नाही, तर वरची अट दुसरे बिल अडवते खरी, पण तो ग्राहक दर रात्री निवडला जातो आणि दर रात्री त्रुटी नोंदवून पडून राहतो. ईमेल पाठवण्याचे काम मात्र या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, ती पूर्ण झाल्यानंतर करावे. रद्द झालेल्या बिलाचे ईमेल परत घेता येत नाही.

बिल क्रमांक शेवटी देण्याचे कारण कराच्या नियमांत आहे. वस्तू आणि सेवा कर नियमावलीच्या नियम ४६ प्रमाणे हा क्रमांक सलग मालिकेतला, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. `MHP/25-26/004812` असा क्रमांक बरोबर १६ अक्षरांत बसतो. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमधील तयार ‘सिक्वेन्स’ येथे वापरू नये, कारण ट्रान्झॅक्शन रद्द झाली तरी सिक्वेन्सने दिलेला आकडा परत येत नाही आणि मालिकेत खाच पडते. एका ओळीत चालू आकडा ठेवून तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवावा. त्याने काम थोडे हळू होते, कारण एका वेळी एकच बिल क्रमांक घेऊ शकते. आमच्या आकाराच्या व्यवसायाला त्याचा काहीच त्रास नाही.

सर्वांत अवघड वेळ आहे ती मध्यरात्रीच्या आसपासची, आणि आमच्याकडून झालेली एक चूक सांगितल्याशिवाय ती नीट कळणार नाही. एका ग्राहकाने ५ डिसेंबरच्या पहाटे, बारा वाजून चाळीस मिनिटांनी, पाहुण्यांची शेवटची तुकडी खोल्यांत गेल्यावर, लहान प्लॅनवरून मध्यम प्लॅन घेतला. त्याचे लहान प्लॅनचे नव्या महिन्याचे बिल बारा वाजून अकरा मिनिटांनी निघून गेले होते. आमचा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता, जी आपल्या साडेपाच तास मागे आहे. त्यामुळे त्याच्या लेखी तो बदल ४ डिसेंबरच्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी झाला. फरक काढणाऱ्या भागाने तारीख पाहिली, तो जुन्या चक्राचा शेवटचा दिवस समजला आणि एका दिवसाचा फरक, २० रुपये, लावला. वास्तविक ५ डिसेंबर ते ४ जानेवारी या पूर्ण ३१ दिवसांच्या चक्राचा फरक ६०० रुपये होता. तो महिना ग्राहकाने मध्यम प्लॅन वापरला आणि पैसे लहान प्लॅनचे भरले. कमी बिल आल्याची तक्रार कोणी करत नाही, म्हणून हा प्रकार तारीखवार तपासणी लिहिल्यानंतरच उघड झाला: ४ डिसेंबरपर्यंत सगळे जुळत होते आणि ५ तारखेपासून नोंदीतला प्लॅन एक व बिलातला दुसरा दिसत होता.

यावर तीन दुरुस्त्या केल्या. पहिली अशी, की ‘दिवस’ म्हणजे भारतीय वेळेनुसार दिवस, हे एकाच ठिकाणी ठरवले आणि सर्व भागांनी तेथूनच घ्यावे असे केले. साठवण जागतिक वेळेतच राहिली. दुसरी अशी, की प्लॅन बदलणारे काम आणि बिल काढणारे काम ही दोन्ही प्रथम त्या वर्गणीच्या ओळीवर कुलूप लावतात. ज्याला कुलूप आधी मिळेल ते आधी पूर्ण होते. मागे राहिलेले बदलाचे काम कुलूप सुटेपर्यंत थांबते, तर बिलाचे काम ती ओळ तेवढ्यापुरती सोडून पुढच्या निवडीत पुन्हा घेते, आणि कुलूप मिळाल्यावर दोन्ही चक्राच्या तारखा त्या ओळीतून नव्याने वाचतात. बदल कोणत्या चक्रातला, हे कॅलेंडरवरून ठरवायचे नाही, कुलूप मिळाल्यानंतर वाचलेल्या तारखांवरून ठरवायचे.

तिसरी दुरुस्ती पहिल्या दोन्ही करूनही राहून जाणाऱ्या फटीसाठी आहे. बारा वाजून तीन मिनिटांनी, म्हणजे चक्र संपले आहे पण बिलांचे काम अजून सुरू झालेले नाही अशा वेळी बदल आला, तर वर्गणीच्या ओळीवर जुन्याच तारखा असतात. शिल्लक दिवस शून्य येतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत काम रखडले असेल तर उणे येतात. खात्यावर शून्याच्या किंवा विचित्र उणे रकमेच्या फरकाच्या ओळी दिसू लागल्या, तर कारण बहुधा हेच असते. उपाय असा, की बदल करण्यापूर्वी चक्र संपले आहे का ते पाहावे, संपले असेल तर त्या एका वर्गणीचे बिल तेथेच काढून चक्र पुढे सरकवावे आणि मगच बदल लागू करावा. नव्या चक्राच्या पहिल्याच दिवशी आलेल्या बदलाला पूर्ण महिन्याचा फरक लागतो, आणि तो तसाच लागायला हवा.

पैसे आपोआप कापून घेण्याची व्यवस्था असेल, तर बिल निघाल्यावरही एक अडचण उरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आवर्ती कपातीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी, रकमेसह जावी लागते. ५ तारखेला बिल काढून त्याच दिवशी पैसे कापता येत नाहीत. आम्ही बिल निघाल्यावर सूचना पाठवतो आणि कपात ७ तारखेला करतो. दरम्यान आलेला कोणताही बदल सूचना दिलेल्या रकमेला हात न लावता पुढच्या बिलाकडे जातो. दुसरी गोष्ट मर्यादेची. ग्राहकाने मंजुरी देताना स्वतःची कमाल रक्कम घातलेली असते. लहान प्लॅन घेताना २,००० रुपयांची मंजुरी दिलेल्या ताईंचे ३,२५६ रुपये ८० पैसे त्या मंजुरीतून कापले जाणार नाहीत. हे ७ तारखेला बँकेकडून नकार आल्यावर कळण्यापेक्षा, २३ नोव्हेंबरला प्लॅन बदलतानाच पुढच्या बिलाची अंदाजित रक्कम काढून मंजुरी अपुरी असल्यास नवी मागून घ्यावी. अंदाजित रक्कम बदल निश्चित करण्यापूर्वी पडद्यावर दाखवण्याचे आणखी एक कारण आहे: पुढचे बिल नेहमीच्या दुपटीहून अधिक येणार, हे ग्राहकाला बिलातून प्रथमच कळू नये.

बिलावर या ओळी कशा लिहायच्या यावर आम्ही बराच वेळ घालवला. सुरुवातीला जमा-नावे अशा चारही ओळी छापत होतो. काणकोणहून फोन आला: “मी दोनदा प्लॅन वाढवला, मग तुम्ही दोनदा पैसे परत का करता आहात?” प्रश्न रास्त होता. आता चार ओळी आतल्या खात्यावर राहतात आणि बिलावर प्रत्येक बदलाची एकच ओळ येते: ‘लहान प्लॅनवरून मध्यम, २३ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, १२ दिवस, फरक दिवसाला २० रुपये, एकूण २४० रुपये.’ दुसरी ओळ ६ दिवसांची, तीही दिवसाला २० रुपयांची, १२० रुपये. चक्र ३१ दिवसांचे असते तर हाच फरक दिवसाला १९ रुपये ३५ पैसे आला असता आणि फेब्रुवारीत २८ दिवसांच्या चक्रात २१ रुपये ४३ पैसे. म्हणून ओळीच्या शेवटी चक्राचे एकूण दिवसही आम्ही छापतो. दिवसाचा दर गोळा करून मग दिवसांनी गुणायचे नाही, हे मात्र सांभाळावे लागते. रक्कम मूळ किमतीवरून एकदाच काढून एकदाच गोळा करायची. छापलेला दिवसाचा दर केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतो, आणि १९ रुपये ३५ पैसे गुणिले ३१ केल्यावर ६०० ऐवजी ५९९ रुपये ८५ पैसे का येतात, असे विचारणारा एक ग्राहक म्हापशात आहे.